तोंडात धरलेला वॉशर

कोरडे हे त्यांचं आडनाव नव्हतं. त्यांनी जोडलेल्या पाइपाखाली बादली ठेवायची वेळ कुणावर आली नाही, म्हणून इस्पितळातल्या जुन्या मंडळींनी त्यांना कोरडे मिस्त्री म्हणायला सुरुवात केली, आणि ते नाव इतकं चिकटलं की एकदा त्यांच्या बायकोलाही कुणीतरी रस्त्यात ‘कोरडेवहिनी’ म्हणून हाक मारली. वहिनींनी मागे वळून पाहिलंच नाही. घरी येऊन मात्र नवऱ्याला विचारलं, “ही कोरडीण कोण हो? मला तरी सांगून ठेवायचं.”

धाकटा भाऊ त्यांना दादा म्हणे. आई गेली तेव्हा धाकटा इतका लहान होता की तिचा चेहराही त्याला आठवत नसे. त्याला न्हाऊमाखू घालण्यापासून हातात पान्हा देण्यापर्यंत सगळं दादानेच केलं. पुढे दोघे भाऊ त्या इस्पितळाच्या नळकामावर लागले आणि तिथेच दोघांचे केस पिकले.

इमारत जुनी. तिच्या पोटातले पाणी वाहणारे पाइप मूळचे लोखंडाचे, वरून जस्ताचा मुलामा दिलेले. गरम पाण्याची लाइन जिथे जिथे सडली, तिथे तिथे तेवढाच तुकडा कापून तांब्याचा पाइप घातला जाई. सगळी लाइन एकदम बदलायची तर वॉर्ड बंद ठेवावे लागले असते. त्यामुळे तळघरातल्या लांबलचक बोळात छताखालून जाणारी ती लाइन ठिगळं लावलेल्या गोधडीसारखी दिसे. थोडं लोखंड, थोडं तांबं, पुन्हा लोखंड. आणि प्रत्येक ठिगळाच्या दोन्ही टोकांना एकच दुखणं. तांबं आणि लोखंड एकमेकांना थेट टेकवली आणि आतून पाणी खेळलं, की लोखंडाचं आयुष्य आटलं. आधी वरचं जस्त जातं, मग खालचं लोखंड. तांब्याला ओरखडाही उठत नाही. सगळ्यात आधी आट्यांमध्ये घात होतो, कारण आटे पाडताना तिथलं जस्त आधीच निघून गेलेलं असतं आणि पाइपही तिथेच सगळ्यात पातळ असतो. त्यात पाणी गरम असलं की हे सगळं घाईने होतं.

यावर उपाय म्हणून मध्ये एक खास युनियन, म्हणजे नटाने उघडता येणारा जोड, घालतात. त्याला डायइलेक्ट्रिक युनियन म्हणतात. दोघे भाऊ म्हणत रबरवालं. एक अर्धा भाग लोखंडी, तो आट्यांवर बसतो. दुसरा अर्धा पितळी, त्याला तांब्याचा पाइप डाख देऊन, म्हणजे कथील वितळवून, जोडतात. दोन्ही तोंडांच्या मध्ये रबराचा वॉशर, आणि दोघांना आवळून धरणारा जो नट, त्याच्या आणि पितळेच्या मध्ये प्लास्टिकचं कडं. पाणी आरपार जातं, पण एक धातू दुसऱ्या धातूला शिवत नाही. हा काही अमरपट्टा नव्हे, पण वर्षानुवर्षं निभावून नेतो.

मेख एकच. डाख द्यायचा म्हणजे जाळ आला, आणि जाळापुढे रबर आणि प्लास्टिक टिकत नाही. म्हणून नट आणि कडं आधी पाइपावर ओवून लांब सरकवायचं, त्यावर ओलं फडकं गुंडाळायचं, आणि वॉशर काढून बाजूला ठेवायचा. डाख गार झाला की मगच सगळं जागेवर. बाकीचे लोक वॉशर खिशात टाकत, मग तो पडे, हरवे, किंवा विसरला जाई. दादा तो तोंडात धरी. दोन दातांमध्ये, पुढे ओठ मिटलेले. जोवर डाख पूर्ण होत नाही तोवर तोंडात वॉशर, त्यामुळे तोवर दादा बोलत नसे. कुणी काही विचारलं तर नुसता हुंकार. धाकटा तेवढ्या वेळात मनसोक्त बडबडून घेई, कारण एरवी थोरल्यापुढे त्याची प्राज्ञा नव्हती. “बोल बोल,” दादा नंतर वॉशर काढून म्हणे, “मी मुका असतो तेव्हा तू फार शूर असतोस.”

मग अलीकडच्या काही वर्षांत दादा बदलला. तो मोकळा झाला. हातात डाखाचा जळता टॉर्च असतानाही बोलू लागला. कधी लहानपणाच्या गल्लीच्या गोष्टी, कधी बाबांच्या तंबाखूच्या डबीच्या, कधी आईच्या. आईबद्दल तो जन्मात कधी बोलला नव्हता. धाकट्याला तर खजिनाच सापडला. शिडी धरून तो खाली उभा राही आणि वरून आई थोडी थोडी खाली येई. ती चालताना गुणगुणत असे, तिला कुलुपांचा राग होता, ती हसली की तोंडावर हात धरी. घरी जाऊन धाकटा बायकोला सांगे, “दादा म्हातारपणी गोड झालाय गं.”

एके दिवशी दादाला ताप होता म्हणून धाकटा एकटाच कामावर आला, आणि आल्या आल्या धोबीखान्यातून बोलावणं आलं. चादरी धुण्याच्या यंत्रांना वीज देणारा मोठा बोर्ड भिंतीवर होता, आणि त्याच्या बरोबर वरून लाइनचं पाणी ठिबकत होतं. बोर्डाच्या झाकणावर थेंब पडत होते. इंजिनियरबाईंनी आधी वीज तोडायला लावली, मग पाणी बंद केलं, आणि मगच धाकट्याला शिडीवर चढू दिलं. बाई वयाने लहान, पण कामाला पक्क्या, आणि या दोघा भावांना काका म्हणत.

गळती युनियनच्या लोखंडी बाजूला होती. हात लावला तर आट्यांपाशी लाल पोपडे निघाले. पान्ह्याचा नुसता झटका बसला आणि पाइप आट्यांवरच तुटला. आतून गंजाच्या गाठींनी भोक करंगळीएवढं उरलं होतं. पितळी बाजू आणि तांबं मात्र नव्यासारखं.

“रबरवालं असूनही?” धाकटा स्वतःशीच म्हणाला.

त्याने तांब्याच्या बाजूने पाइप कापून अख्खं युनियन खाली आणलं आणि कामाच्या टेबलावर ठेवलं. बाईंनी वीज आरपार जाते का ते सांगणारा मीटर काढला. एक टोक तांब्याला, एक लोखंडाला लावलं. युनियन चांगलं असतं तर मीटर गप्प बसला असता. तो टीं करून ओरडला.

“आत धातू धातूला लागलाय,” बाई म्हणाल्या. “लाइनमध्ये असताना मोजलं असतं तर मी विश्वास ठेवला नसता, दहा ठिकाणांहून वाट मिळते विजेला. पण इथे तर हा एकटाच आहे. उघडा बघू.”

नट सोडवला तर वॉशरच्या जागी काळं कोळपलेलं काहीतरी होतं, बोट लावताच भुगा होणारं. प्लास्टिकचं कडं एका बाजूने वितळून खाली ओघळलेलं, आणि तिथेच नट पितळेला घासून बसलेला. आत सगळं जसंच्या तसं ठेवून कुणीतरी टॉर्च लावला होता.

“शिकाऊ माणसाची चूक,” बाई म्हणाल्या. “कुणी केलं हे?”

धाकटा तुकडा फिरवून पाहत होता. तांब्याच्या जोडावर डाखाची कड एका बाजूला वर ओढलेली होती, शेपटीसारखी. गरम डाख फडक्याने खालून वर पुसायची ती सवय एकाच हाताची होती.

“काका?”

“बघून सांगतो,” तो म्हणाला.

“बघा. पण एक लक्षात घ्या. बोर्डावर अजून एक थेंब चालणार नाही. ज्याने हे केलंय त्याच्या हातात मी पुन्हा टॉर्च देऊ शकत नाही. तो कुणीही असो.” मग त्यांनी हलक्या आवाजात विचारलं, “मला वाटतंय तेच आहे का?”

धाकट्याने मान खाली घातली.

दुपारी तो एकटाच तळघराच्या बोळात गेला. अलीकडची कामं कुठली, ते त्याला आठवत होतं. बोळाच्या वळणावर एक जोड होता. तिथे त्याने नट सोडवून पाहिला तर वॉशर नव्हताच, कधी घातलाच नव्हता, नुसत्या टेपच्या पट्ट्या गुंडाळून धातूवर धातू आवळला होता. आणि अगदी शेवटी, पंपाच्या खोलीजवळ, गेल्याच वर्षीचं काम. तिथे युनियनच नव्हतं. तांब्याच्या पाइपाला पितळी टोक जोडून ते सरळ लोखंडाच्या सॉकेटमध्ये पिळलेलं होतं. अजून गळत नव्हतं. फक्त आट्यांच्या कडेला पिठासारखी पांढरी पूड जमली होती. ते जस्त होतं, बाहेर पडू लागलेलं. त्यानंतर लोखंड.

धाकटा उलट्या बादलीवर बसला. त्याला एकदम तो वळणावरचा जोड करतानाचा दादा दिसला. वर शिडीवर, हातात निळा जाळ, आणि तोंडाने आईच्या कुलुपांची गोष्ट. दादा बोलत होता! अख्खा डाख होईपर्यंत बोलत होता. म्हणजे तोंडात वॉशर नव्हता. आणि आपण खाली शिडी धरून ‘मग काय झालं दादा’ विचारत होतो.

संध्याकाळी तो दादाच्या घरी गेला. ताप उतरला होता, दादा झोपला होता. वहिनी स्वयंपाकघरात भांडी पुसत होत्या.

“वहिनी, दादाचं काही वेगळं वाटतं का हो तुम्हाला?”

“लग्न झालं तेव्हापासून वाटतं,” त्या म्हणाल्या. पण त्याच्या तोंडाकडे पाहून त्यांचा हात थांबला. “कामावर काही झालं?”

त्याने सांगितलं. त्यांनी हातातलं भांडं तसंच धरून ऐकलं.

“परवा माझ्या माहेरच्या नावाने हाक मारली त्यांनी,” त्या म्हणाल्या. “मी म्हटलं, लाडात आले असतील. एवढ्या वर्षांनी का होईना.” त्या हसायला गेल्या आणि पदराने डोळे टिपले. “चावी दाराला लावून ठेवतात. दिवा लावायला जातात आणि खोलीत नुसते उभे राहतात. मी कुणाला बोलले नाही. वाटलं, तिथे तरी ठीक असतील. कामात कधी चुकायचे नाहीत ना ते.”

“मलाही तेच वाटत होतं. इकडे ठीक असेल.”

“तू सांगणार आहेस त्यांना?”

“बाई सांगतील, नाहीतर.”

“मग तूच सांग,” वहिनी म्हणाल्या. “परक्याच्या तोंडून नको.”

पण सांगायचं कसं, हे त्याला सुचलं नाही. बरं वाटल्यावर दादा कामावर आला, तेव्हा कापलेलं युनियन टेबलावर तसंच पडलं होतं. धाकट्याने काही बोलायच्या आधीच दादाने ते उचललं, चष्मा कपाळावर सरकवून डोळ्यांजवळ नेलं, आणि त्याच्या भुवया चढल्या.

“कुणा गाढवाचं काम आहे हे?”

धाकटा पेटीतली अवजारं लावू लागला.

“अरे बघ तरी! वॉशर आत ठेवून जाळ लावलाय. कडं वितळलंय. म्हणजे नट पितळेला टेकला, पितळ तांब्याला, नट लोखंडाला. झाली की सोयरीक! एवढं महागाचं युनियन घालून उपयोग काय, साधा सॉकेट लावला असता तरी एवढंच टिकलं असतं.” दादा रंगात आला होता. “नट आणि कडं आधी ओवायचं, लांब सारायचं, ओलं फडकं. वॉशर बाहेर. शंभरदा सांगितलंय मी. तुझं आहे का हे?”

सगळं जसंच्या तसं त्याला येत होतं, एकही गोष्ट सुटली नव्हती. धाकट्याच्या मनात क्षणभर आलं, आपलीच काहीतरी गफलत झाली असेल.

“हो,” तो म्हणाला. “माझंच.”

“तुझं?” दादाने त्याच्याकडे पाहिलं. मग पुन्हा हातातल्या तुकड्याकडे. रागाच्या भरात त्याचा अंगठा डाखाच्या जोडावरून फिरत होता, आणि फिरता फिरता तो त्या वर ओढलेल्या शेपटीवर येऊन थांबला. एकदा पुढे गेला, परत आला. दादाने तुकडा खिडकीच्या उजेडात धरला.

त्याने नखाने ती शेपटी खरवडून पाहिली.

“तू वरून खाली पुसतोस,” तो शेवटी म्हणाला.

“दादा—”

“वरून खाली. मी तुला किती मारलंय त्याबद्दल. तरी वरून खालीच.” त्याने तुकडा टेबलावर ठेवला, अगदी हळू, काचेचा असल्यासारखा. “मला आठवत नाही रे हे केलेलं.”

“असू दे दादा.”

“असू दे कसं? बोर्डावर पाणी पडत होतं म्हणतात. कुणाचा हात लागला असता तर?” तो खुर्चीवर बसला. त्याचे हात मांडीवर उताणे पडले होते, आणि तो त्यांच्याकडे पाहत होता. “आणखी आहेत?”

“आहेत.”

“किती?”

“सगळे मला अजून सापडले नाहीत.”

दादा उठला, आपली पेटी उघडली, टॉर्च काढला, त्याचा नळ घट्ट बंद आहे ना ते दोनदा पाहिलं, आणि तो धाकट्याच्या हातात दिला. “बाईंना सांग, मीच दिला म्हणून. काढून घेतला असं नको सांगूस.”

“नाही सांगत.”

“चल मग. शोधू.”

पण दादाला जागा आठवेनात. तो बोळातून छताकडे बघत चाले, एखाद्या जोडाखाली थबके, आणि लहान मुलासारखा धाकट्याकडे पाही. आठवत होतं ते धाकट्याला, आणि तेही गोष्टींवरून. बाबांची तंबाखूची डबी चोरली होती ती गोष्ट औषधांच्या कोठाराबाहेर सांगितली होती. तिथे शिडी लावली. बिघडलेला जोड निघालाच. गुणगुणणारी आई क्ष-किरण खोलीच्या मागे होती. तोही तसाच निघाला. जिथे जिथे दादा मुका राहिला होता तिथले जोड खणखणीत होते, त्यांना हात लावायची गरज पडली नाही. जिथे जिथे बोलला होता तिथे कापावं लागत होतं. धाकट्याला हे दादाला सांगवेना. त्याची ती सगळी गोड वर्षं एकेक करून भंगाराच्या पेटीत पडत होती.

रोज थोडं थोडं काम चाले. रुग्णांचं गरम पाणी फार वेळ बंद ठेवता येत नसे. बाई अधूनमधून येऊन कापलेल्या तुकड्यांना मीटर लावून पाहत. एकदा त्या दादाला म्हणाल्या, “काका, नवं जोडलेलं तुम्ही तपासून द्या. तुमच्या नजरेखालून गेल्याशिवाय पाणी सोडायचं नाही.” दादाला ते आवडलं. तो खरंच तपासत असे. दोनदा त्याने धाकट्याला नट जास्त आवळल्याबद्दल झापलंही. आणि एकदा जेवणाच्या सुट्टीनंतर त्याने विचारलं, “आपण ही एवढी चांगली लाइन कापतोय कशाला?” धाकट्याने सांगितलं, पहिल्यांदाच सांगत असल्यासारखं. दादाचा चेहरा पुन्हा तसाच पडला, पहिल्यांदाच ऐकत असल्यासारखा. त्यानंतर कधी त्याने विचारलं तर धाकटा म्हणे, “जुनी झाली दादा.”

शेवटचा राहिला पंपाच्या खोलीजवळचा, तो पांढऱ्या पुडीचा. धाकट्याने पाणी बंद केलं, लाइन रिकामी केली, करवत लावली. दादा खाली बादली धरून उभा होता.

“इथे तू मला काय सांगत होतास आठवतं?” धाकट्याने वरूनच विचारलं.

“काय?”

“गल्लीत पहिल्यांदा नळ आला त्या दिवसाचं. सगळी गल्ली जमली होती आणि आधी कुणी नळ सोडायला धजेना. आई पुढे झाली. तू तिच्या कडेला, मी तिच्या कडेवर.”

“हो का?” दादाचा चेहरा उजळला. “मग?”

“तिने नळ फिरवला तर पाणीच नाही. नुसता आत घरघर आवाज. ती वाकून तोटीत बघायला लागली—”

“आणि हवा निघाली!” दादा म्हणाला. “हवा निघाली असणार. नवी लाइन.”

“हवा निघाली, आणि गंजाचं लाल पाणी थेट तिच्या तोंडावर. धुतलेल्या कपड्यांवर. सगळी गल्ली चिडीचूप. मग आई तुझ्याकडे वळली.”

“मग?”

करवत थांबली. त्या दिवशी नेमकं इथेच कुणीतरी पळत आलं होतं, पंप बंद पडला म्हणून, आणि दादा टॉर्च विझवून घाईने खाली उतरला होता. पुढचं ऐकायचं राहिलं, मग कधीतरी विचारू म्हणून राहूनच गेलं. ती गल्ली, तो दिवस, तो तिचा भिजलेला चेहरा पाहिलेलं दुसरं माणूस आता जगात नव्हतं.

“पुढचं तूच सांगणार होतास दादा,” धाकटा म्हणाला. “ती वळली आणि काय म्हणाली?”

दादाने बादली खाली ठेवली. तो खूप प्रयत्न करत होता. त्याचे ओठ हलत होते. डोळे छतावर, पाइपावर, धाकट्याच्या चपलांवर फिरून आले. मग त्याने मान हलवली.

“नाही येत रे,” तो म्हणाला. “तू कडेवर होतास ना. तूच सांग.”

धाकट्याने करवत पुन्हा लावली. पाइपात उरलेलं पाणी कापातून ओघळून त्याच्या मनगटावरून कोपरापर्यंत आलं.

“हसली,” तो म्हणाला. “तोंडावर हात धरून हसली. आणि मग सगळी गल्ली हसली.”

“हसलीच असणार,” दादा म्हणाला. त्याने बादली उचलून पुन्हा बरोबर जागेवर धरली. “आई ना? हसलीच असणार.”